अनवधानाने राहून गेलेलं नाव

…आणि पाच मिनिटांत आटपा म्हणे. आत्ता, मी माईक हातात घेताना, आमच्या ऑफिसच्या हेमराज नानांनी कानात सांगितलं, पाच मिनिटं, वरण-बट्टी तयार आहे, आणि सांगता सांगता हातात ही यादी दिली. ही बघा. दोन्ही बाजूंनी लिहिलेली. त्रेचाळीस नावं. त्रेचाळीस नावं पाच मिनिटांत म्हणजे एका नावाला सात सेकंद, त्यात प्रत्येकाला 'सन्माननीय' लावायचं, तेच तीन सेकंद खातं, मग नाव, मग त्यांनी काय केलं ते, मग तुम्ही टाळ्या वाजवणार, त्या थांबेपर्यंत मी उभा… कसं बसवायचं सांगा. तुम्हाला सांगतो, ह्या स्पर्धेत साठ माणसं क्रिकेट खेळायला तयार असतात, पाय मोडलेला सुद्धा म्हणतो मी रनर घेतो, पण आभार माना म्हटलं की सगळ्यांना एकदम लघवीला लागते. म्हणून बारा वर्षं मीच. हरलो तरी मीच, जिंकलो तरी मीच.

आज जिंकलोय. म्हणजे ट्रॉफी तिथे टेबलावर आहे, त्यावर 'विजेता' लिहिलंय, आणि मी गोमाई वॉरियर्सचा कप्तान आहे, भूपेंद्र दगा पाटील, तेव्हा जिंकलोच म्हणायचं. पाहुणे पहिल्यांदाच आलेत, आमचे साहेबही सात-आठ महिन्यांपूर्वीच आलेत, म्हणून ओळख करून देतो. एका आवारात चार ऑफिसं, चार टीम. मैत्रीपूर्ण स्पर्धा. बॅनरवर 'मैत्रीपूर्ण' हा शब्द सगळ्यात मोठा छापलाय, बघा, ऑफिसच्या नावांपेक्षा मोठा.

असो. आभार. आभाराचं पण एक शास्त्र असतं हो, लोकांना वाटतं नावं वाचायची आणि खाली बसायचं. नाही. आधी पाहुणे. मग साहेब लोक, हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने, आणि इथे एक जरी वरखाली झाला तरी वर्षभर फाईल हलत नाही. मग ज्यांनी मैदान दिलं ते. मग सामान देणारे, मांडव, माईक, पाण्याचे जार. मग समोरची टीम, ती हरलेली असेल तर 'चुरशीची लढत दिली' म्हणायचं, जिंकलेली असेल तर 'मनापासून अभिनंदन' म्हणायचं, मनात काहीही असो. मग पंच आणि स्कोअरर. पंच खेळाडूंच्या आधी घ्यायचे, हे लक्षात ठेवा, कारण खेळाडूंची नावं सुरू झाली की पोरं शिट्ट्या मारतात आणि पुढचं कुणाला ऐकू येत नाही. मग आपले खेळाडू, अकराच्या अकरा, आणि बारावा, त्याला तर विसरायचंच नाही, तो दोन दिवस पाणी घेऊन धावलेला असतो. मग स्वयंपाकवाले. आणि सगळ्यात शेवटी, ह्या सगळ्यावर झाकण म्हणून, ते वाक्य. अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करावं.

फार उपयोगी वाक्य आहे ते. माणूस काय काय झाकतो त्याखाली.

तर पाहुण्यांचे आभार, तुम्ही उन्हात बसलात, दोन्ही दिवस म्हणाला होतात, एकच दिवस आलात, तरी आभार. साहेबांचे आभार. शाळेचे आभार, मैदान दिलं, रोलर दिला, फक्त रोलर ओढायला माणसं आमची. रेषा आखायला फक्की पण आमचीच, आणि ती काल आमच्या पोरांनी अशी आखली की एका बाजूची रेष तीन बोटं जाड आणि दुसऱ्या बाजूची वळत वळत शेजारच्या उसाकडे निघालेली. ती सकाळी पुन्हा मारली. उखा आप्पांचे आभार, त्यांचा तो ऊस. चोवीस बॉल आणले होते, टेनिसचे, त्यातले नऊ त्यांच्या उसात गेले, आणि आप्पा प्रत्येक वेळी आतून ओरडत होते, सिक्स मारा पन मन्हा ऊस नका तुडवू. सात बॉल शोधून दिले त्यांनी. आप्पांसाठी टाळ्या.

सातपुडा इलेव्हनचा कप्तान, फत्तेसिंग. तिथे बसलाय, मागे, बूट काढून. फत्तेसिंग, चुरशीची लढत दिलीस. नाही, हे वाक्य म्हणून नाही म्हणत. खरंच दिलीस. तुझ्याकडे बघून बोलायला मला जरा जड जातंय आज, ते का, ते सांगतो, थांब.

स्कोअरर दामिनीताई. आठ ओव्हरची मॅच, सहा बॉलची ओव्हर, वाईड-नो धरून एका डावात पंचावन्न-साठ बॉल, प्रत्येक बॉलला ताई एक टिंब किंवा एक आकडा लिहितात, आणि दर ओव्हरला दोन्ही टीमची पोरं जाऊन त्यांच्या डोक्यावर उभी राहतात, ताई, दोन रन कमी लावले. ताईंनी एकही रन कमी-जास्त केला नाही. कालही नाही, आजही नाही, गेल्या वर्षीही नाही.

आणि आता यादीत सत्ताविसावा नंबर. पंच.

नाना, हात नका दाखवू. दिसलं मला. पाच मिनिटं झाली असतील. वरण-बट्टी गार झाली तरी चालते, परत तुपात बुडवली की झालं. बसा.

तुम्हाला सांगतो, पंचाचं काम कुणाला कळतच नाही. आमच्या ह्या क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू नाही, तो आम्ही पहिल्याच वर्षी काढून टाकला, कारण एलबीडब्ल्यू दिला की दोन ऑफिसांचं बोलणं बंद व्हायचं. राहिलं काय, वाईड, नो बॉल, कॅच, आणि रनआऊट. भांडण सगळं रनआऊटवर. रनआऊट म्हणजे काय, बॅट नाहीतर पाय रेषेच्या आत टेकला पाहिजे. रेषेवर नाही. आत. रेषेवर असेल तर आऊट. हे आमच्या निम्म्या लोकांना बारा वर्षांत समजलं नाही. आणि ते बघायला दोन माणसं, एक बॉलरच्या बाजूला, एक लेगला, ओव्हर संपली की अदलाबदल. ना कॅमेरा, ना रिप्ले. ज्याच्या बाजूला स्टंप पडले त्याने बघायचं, आणि बघितलं ते सांगायचं. बस. दोन शब्द. पण त्या दोन शब्दांसाठी दिवसभर उन्हात उभं राहायचं, बॅटिंग नाही, बॉलिंग नाही, आणि संध्याकाळी काय, एक टॉवेल, एक टोपी, एक नारळ. आणि नाव. आभाराच्या भाषणात एकदा, माईकवरून, सगळ्यांसमोर, नाव.

अकरा वर्षं ते नाव वहाबभाईंचं होतं.

पाहुण्यांना सांगतो. वहाबभाई आमच्या ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. कंत्राटी. बावीस वर्षं कंत्राटी. इथल्या प्रत्येकाला त्यांनी कुठे ना कुठे नेलंय, धडगावच्या घाटात पावसात नेलंय, माझ्या आईला शेवटच्या दिवशी धुळ्याला त्यांनीच नेलं, वाटेत खड्डा आला की 'माय, सांभाळ' म्हणायचे. गुडघा गेलेला, म्हणून खेळायचे नाहीत, पंच व्हायचे. पांढरी टोपी, आणि खिशात सहा खडे. बॉल पडला की एक खडा ह्या खिशातून त्या खिशात. नदीतले गुळगुळीत खडे, घरून आणायचे. अकरा वर्षांत एका ओव्हरला पाच बॉल झाले नाहीत की सात झाले नाहीत.

गेल्या वर्षीची फायनल. आम्ही आणि हेच, सातपुडा. शेवटचा बॉल, आम्हाला दोन रन हवे. समोर बॅटिंगला आमचे साहेब. हे साहेब नाही, आधीचे, बदलून गेले ते. बॉल पडला, साहेबांनी मारला, चांगला मारला, मिडविकेटला गेला, आणि साहेब उभे राहून बघत बसले. आपला शॉट. इकडून पार्टनर बोंबलतोय, पळा साहेब, पळा, आणि साहेब बघतायत, मग एकदम आठवलं त्यांना आणि निघाले, आणि तुम्हाला सांगतो, निघणं म्हणजे काय, मिटिंगला उशीर झाल्यावर निघतात तसे. फत्तेसिंगने बॉल उचलला, बॉलरकडे फेकला, बॉलरने स्टंप उडवले. साहेबांची बॅट रेषेपासून एवढी लांब. एवढी. हात करून दाखवतो, एक हातभर.

अख्ख्या मैदानाला दिसलं. मला दिसलं. साहेबांना दिसलं. आणि कुणीच ओरडलं नाही. फत्तेसिंगच्या पोरांनी अपील सुद्धा अर्ध्या तोंडाने केलं, हाऊ… आणि पुढचं गिळलं. कारण सगळ्यांना कळलं, की आता समोर साहेब आहेत, आणि त्यांच्या समोर त्यांचाच ड्रायव्हर आहे, उद्या सोमवारी त्यांना गाडीत बसवून नेणार आहे. माझ्या मनात काय आलं सांगू? मी कप्तान, माझ्या मनात आलं, वहाबभाई, नका हो. सोडून द्या. नॉट आऊट म्हणा, एक रन धरा, टाय करा. सुपर ओव्हर खेळू, मजा येईल.

वहाबभाईंनी बोट वर केलं.

असं. खांद्याच्या वर नाही, छातीपाशीच, पण केलं. आणि लगेच खाली बघून शेवटचा खडा ह्या खिशातून त्या खिशात टाकला.

आम्ही एका रनने हरलो. साहेब काही बोलले नाहीत. अहो, बोलले असते तर बरं झालं असतं. हसत हसत मांडवात आले, फत्तेसिंगशी हात मिळवला, पाणी प्यायले. मी यादी घेऊन माईककडे चाललो होतो, तर नाना आले. नाना, तुम्ही इथेच बसलाय, खोटं असेल तर सांगा. नाना माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "साहेब म्हणतायत, वेळ कमी आहे. पंचांची नावं नका घेऊ."

वेळ कमी आहे. साडेपाच वाजलेले. रविवार. कुणाला कुठे जायचं होतं?

आणि मी काय केलं? मी विचारलं सुद्धा नाही. मी पेन काढलं आणि सत्ताविसाव्या नंबरवर रेघ मारली. दोन पंच होते, दुसरा सातपुड्याचा होता, त्याच्यावर पण मारली, म्हणजे फक्त एकावर मारली असं दिसायला नको. बघा किती डोकं चालतं माझं.

मग मी बोललो. बारा मिनिटं बोललो, वेळ कमी होता तरी. उखा आप्पांचं नाव घेतलं, मांडववाल्याचं घेतलं, पाण्याच्या जारवाल्याचं घेतलं, तो तर आलाच नव्हता. वहाबभाई तिथे उभे होते, त्या खांबापाशी, टोपी काढून हातात घेतलेली, कारण नाव घेतल्यावर पुढे यायचं, टॉवेल घ्यायचा, मग नवी टोपी घालायची. दहा वर्षांची सवय. आणि त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी, अर्शिया. नर्सिंगला आहे, नंदुरबारला. पहिल्यांदाच आली होती बघायला, आणि मोबाईल धरून उभी होती. शूटिंग करत होती. बापाचं नाव येईल म्हणून पहिल्यापासून चालू ठेवलेलं.

मी स्कोअररवरून सरळ खेळाडूंवर गेलो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी वर बघितलं नाही. मग स्वयंपाकवाले. आणि मग म्हणालो, अगदी खणखणीत म्हणालो, अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करावं.

टाळ्या. तुम्हीच वाजवल्यात.

वर बघितलं तेव्हा ती पोरगी अजून मोबाईल धरून होती. तिला वाटलं असेल, आता घेतील. मग वहाबभाईंनी हळूच तिचा हात खाली केला. टेबलावर दोन टॉवेल, दोन टोप्या आणि दोन नारळ तसेच राहिले. ते नारळ सोमवारी ऑफिसात फोडले. मी पण खाल्लं. गोड होतं.

थांबा, संपलं नाही. इथे संपलं असतं तर मी म्हटलं असतं, चला, एक टॉवेलच तर.

मार्चमध्ये कंत्राटी लोकांची पुढच्या वर्षाची यादी जाते. साहेब हाताने लिहून देतात, मी टाईप करतो, मग ती एजन्सीकडे जाते. त्याच्या आदल्या वर्षी दहा होते. साहेबांनी कागद दिला, मी टाईप करायला घेतला, नऊच नावं. पुन्हा मोजली. नऊ. मी आत गेलो. तुम्हाला सांगतो, मी गेलो आत, एवढं तरी माझ्या खात्यावर धरा. म्हणालो, साहेब, एक नाव राहिलं वाटतं, अनवधानाने.

साहेब सहीच करत होते. मान वर न करता म्हणाले, "राहिलं नाही."

मी बाहेर आलो. टाईप केली. नऊ नावं, मध्ये रेघा, खाली साहेबांची सही, आणि कोपऱ्यात, कुणी टाईप केलं त्याची छोटी अक्षरं असतात ना, भू. द. पा. ती माझी.

मे महिन्यात साहेब बदलून गेले. निरोप समारंभाचे आभार पण मीच मानले. नवीन ड्रायव्हर एजन्सीने दिला, चांगला आहे बिचारा, त्याचा काय दोष. वहाबभाई आता शहादा ते म्हसावद ॲपे रिक्षा चालवतात. दुसऱ्याची. एकदा मी स्टँडवर उभा होतो, म्हसावदला साडूकडे जायचं होतं, रिक्षा येऊन थांबली, बघतो तर हे. पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी पुढची सीट हाताने झटकली आणि म्हणाले, बसा भाऊ. बसलो. माझ्या शेजारी एक बाई केळीचा घड घेऊन, मागे आठ जण. मी लोणखेडा जाईपर्यंत त्या घडातली केळी मोजली. मग म्हटलं, वहाबभाई, तेव्हा सोडून दिलं असतं तर. एक बोट. एवढं काय होतं त्यात?

ते रस्त्याकडेच बघत होते. म्हणाले, "भाऊ, बॅट बाहेर व्हती. बाहेर शे ते बाहेर शे. मी काय करू?"

रागाने नाही म्हणाले. माझ्यावर आरोप पण नव्हता त्यात. मलाच विचारत होते, खरंच, की भाऊ, तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं. म्हसावद आलं. उतरलो.

मग यंदा स्पर्धा ठरली. नवीन साहेब आले, मोकळ्या मनाचे आहेत, सगळे म्हणतात, मी पण म्हणतो. मी ठरवलं, पंच म्हणून वहाबभाईंनाच बोलवायचं. घरी गेलो त्यांच्या. जाहेदाभाभींनी, म्हणजे वहाबभाईंच्या बायकोने, चहा दिला, कप जरा जोरात ठेवला. अर्शिया आतल्या खोलीत होती, ती बाहेर आलीच नाही. मी म्हटलं, वहाबभाई, या, तुमच्याशिवाय मजा नाही. त्यांनी माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "येस ना भाऊ. पन मी जे दखसू, तेच सांगसू."

येतो, पण जे बघेन तेच सांगेन. एवढीच अट. अहो, पंचाची ही अट असते का? हे तर पंचाचं काम झालं.

मी आनंदाने कमिटीत सांगितलं. चौघे बसलो होतो. मग कुणीतरी म्हणालं, कोण ते जाऊ दे, की नवीन साहेबांचं पहिलंच वर्ष आहे, कशाला उगाच, यंदा तरुणांना संधी देऊ. आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. तीन माना हलल्या. तिसरी माझी.

मी त्यांना कळवलं पण नाही. कळवायचं राहून गेलं. हे मात्र खरंच अनवधानाने की कसं, ते आता मला सुद्धा सांगता येणार नाही.

तर संधी मिळाली नवलसिंगला. नवलसिंग, उभा राहा. लाजू नको. हा आमचा डाटा ऑपरेटर, कंत्राटीच, काठी गावाकडचा, तिकडची होळी मोठी, तेव्हा होळीला सुट्टी मागतो तेवढाच काय तो त्रास, बाकी सोन्यासारखा पोरगा. दोन दिवस पंच होता. आजची फायनल तुम्ही सगळ्यांनी बघितली. पाचवी ओव्हर, साहेब तीन रनवर. एक रन चोरायला निघाले, पार्टनरने परत पाठवलं, फत्तेसिंगने स्वतः धावत येऊन स्टंप उडवले. साहेब कुठे होते? नवलसिंग लेगला उभा होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी मांडवातून बघत होतो, त्याच्या तोंडाकडे, आणि मला त्याच्या तोंडावर रेष दिसली नाही, बॅट दिसली नाही, मला मार्चची यादी दिसली. त्याने दोन्ही हात पसरले. नॉट आऊट.

साहेबांनी पुढे एकतीस मारले. चांगले मारले. आम्ही दोन बॉल राखून जिंकलो. आणि फत्तेसिंग मागे गेला. बूट काढून बसला.

आता तुम्ही म्हणाल, भूपेंद्रा, जिंकलास ना, मग कशाला उकरतोस. बरोबर आहे. पण मी सकाळपासून ठरवून आलो होतो की आज नाव घ्यायचं. यादीत नाही, पण घ्यायचं. वहाबभाई. अब्दुल वहाब शेख. अकरा वर्षं पंच. गेल्या वर्षीचे आभार आज मानतो. ते इथे नाहीत, त्यांना ऐकू जाणार नाही, आणि ज्यांनी नाव खोडायला सांगितलं ते पण इथे नाहीत, म्हणजे मला धोका पण नाही. बदली झालेल्या माणसासमोर मी फार शूर आहे.

ये नवलसिंग, पुढे ये. हा टॉवेल. ही टोपी. नारळ धर. टाळ्या द्या त्याला. नाही, जाऊ नको. थांब इथे. माईकजवळ ये. साहेब मोठ्या मनाचे आहेत, ते काही मनाला लावून घेणार नाहीत, बघ, हसतायत. मॅच संपलीय. ट्रॉफी कुठे जात नाही. फक्त एकदा, सगळ्यांसमोर, सांगून टाक म्हणजे माझ्याही डोक्यातलं जाईल. साहेब आऊट होते का?

…

बोल ना.

…

नाना, तुम्ही मध्ये पडू नका.

काय? जरा मोठ्याने. माईकमध्ये.

"सर, डोळ्यावर ऊन आलं व्हतं."

ऊन.

…ऊन तुझ्या पाठीमागे होतं रे. तू लेगला उभा होतास, तिकडे तोंड करून, आणि सूर्य असा, उसाच्या वर. अजून तिथेच आहे, बघ, तुझीच सावली माझ्या पायापर्यंत आलीय.

नारळ पडेल. दे इकडे.

काय केलं मी हे. गेल्या वर्षी एकाचं नाव खोडलं, आणि आज माझं मन हलकं करायला दुसऱ्याला माईकसमोर उभा केला, साहेबांच्या डोळ्यासमोर, मार्च तोंडावर आलेला असताना. साहेब आता हसत नाहीयेत. नवलसिंगकडे बघतायत. नाही साहेब, तसं काही नाही, माझीच चूक, मी जरा जास्त बोलतो, नानांना विचारा, बारा वर्षं बोलतोय.

ऐका सगळे. ऊन होतं. बरोबर बोलला तो. भयंकर ऊन होतं, त्याच्या डोळ्यावर होतं, मी पण बघितलं. मांडवात बसून मला पण काही दिसलं नाही. दामिनीताई, तुम्हाला दिसलं? खाली मान घालून वहीत लिहीत होतात ना तुम्ही. नाही दिसलं. उखा आप्पा उसात होते. पाहुणे काल आलेच नव्हते, आज फोनवर होते. फत्तेसिंग… तू सांग. तुला दिसलं?

…

नाही म्हणतोय. मान हलवली त्याने. आभारी आहे, फत्तेसिंग.

बघा साहेब, कुणालाच दिसलं नाही. नवलसिंगने अतिशय अचूक निर्णय दिला, त्याबद्दल त्याचे विशेष आभार, आणि टाळ्या, जरा जोरात. साहेब वाजवतायत, तुम्ही पण वाजवा. नवलसिंग, जा, बस. आणि हे बघ, होळीच्या सुट्टीचा अर्ज उद्याच दे, आधीच देऊन ठेवलेला बरा.

चला. पंचांचा निर्णय अंतिम असतो, नियमावलीत पहिल्याच पानावर छापलंय. मीच टाईप केलंय.